पुरवठादाराने देऊ केलेली सवलत नाकारायची आहे, पण संबंध तुटू द्यायचे नाहीत

सत्तरीची_सून

वाळपईजवळ आमचा काजू फोडण्याचा आणि भाजून विकण्याचा छोटा घरगुती उद्योग आहे. पाव किलोच्या काजूसाठी लागणारे छापील, झिपर असलेले उभे पाउच गेली चार वर्षे आम्ही एकाच पुरवठादाराकडून घेत आहोत. दर वेळी दहा हजार पाउच घेतो, एका पाउचला ७ रुपये २० पैसे पडतात, आणि माल आल्यावर तीस दिवसांत पैसे देतो. माणूस सज्जन आहे. पहिल्या वर्षी आमची पत काहीच नसताना त्याने उधारी दिली होती, ही गोष्ट मी विसरलेले नाही.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. चाळीस हजार पाउच एकदम घेतले, निम्मी रक्कम आगाऊ दिली आणि ३१ मार्चच्या आत माल उचलला, तर तो ६ रुपये ३० पैशांनी देणार आहे. ऐकायला हा दर फार चांगला वाटतो, पण मार्च ते मे हा आमचा काजूबिया खरेदी करण्याचा काळ असतो. बागायतदार बी घेऊन दारात येतो तेव्हा त्याला रोख द्यावे लागते, आणि त्या तीन महिन्यांत घेतलेल्या बियांवरच आमचे पुढचे वर्षभराचे काम चालते. शिवाय पावसाळ्यानंतर आम्ही घरातला कारखाना होंडा गावातल्या शेडमध्ये हलवणार आहोत, म्हणजे पाउचवरचा पत्ता बदलेल.

थोडक्यात, सवलत घ्यायची नाही हे ठरले आहे. अडचण शब्दांची आहे. मी लिहिलेला मजकूर असा : “तुमच्या प्रस्तावाबद्दल आभार. सध्या आम्ही विचार करत आहोत, नंतर नक्की कळवू.” यजमानांना हे पुरेसे वाटते, मला वाटत नाही. जाणकारांनी सांगावे.

कळंगुटकर

ताई, माझा अनुभव सांगतो. माझे छोटे अतिथीगृह आहे. चादरी आणि टॉवेल पुरवणाऱ्याने एकदा पर्यटनाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी अशीच सवलत देऊ केली होती. मला ती नको होती आणि नाही म्हणण्याचा संकोचही वाटत होता, म्हणून मी उत्तरच दिले नाही. असे प्रस्ताव मुदत संपली की आपोआप विरून जातात, असा माझा समज होता. डिसेंबरात मला तातडीने तीस टॉवेल हवे होते, तेव्हा त्याने ते दिले खरे, पण उधारी बंद केली होती. कारण विचारल्यावर म्हणाला की तुम्ही फोनच घेत नव्हता, तेव्हा धंदा बरा चाललेला नसावा असे मला वाटले. मौनाचा असाही अर्थ निघू शकतो, हे माझ्या ध्यानीमनी नव्हते.

तुमचा मजकूर मात्र मला ठीक वाटतो. सौम्य आहे, आणि कोणाला दुखावणार नाही.

म्हापशेकर

आमच्याकडे शुक्रवारच्या बाजारात हे रोजचेच आहे. गिऱ्हाईक शंभराची वस्तू सत्तरला मागते. त्याला नाही म्हणताना मी नेहमी सांगतो की आज जमणार नाही, पण पुढच्या शुक्रवारी या, तुमच्यासाठी वेगळा माल काढून ठेवतो. दहांतले चार तरी परत येतात. तुम्हीही पर्यटकांना असेच सांगावे.

सत्तरीची_सून

म्हापशेकर बाब, आपले म्हणणे चांगले आहे, पण इथे गिऱ्हाईक मी आहे आणि सवलत मला मिळत आहे. ती मला घ्यायची नाही.

म्हापशेकर

सवलत मिळत असताना नाकारणारे गिऱ्हाईक मी अजून पाहिलेले नाही, म्हणून वाचताना गफलत झाली. क्षमस्व. पुढे वाचतो आहे.

जुना_हिशेबनीस

शब्दांकडे जाण्यापूर्वी एक विचारतो. चाळीस हजार पाउच तुम्हाला किती काळ पुरतील? आणि खेळत्या भांडवलासाठी बँकेची उचल घेता का, घेत असल्यास व्याजाचा दर काय आहे? हे विचारण्याचे कारण असे की नकार देणाऱ्याला स्वतःचा हिशेब पक्का ठाऊक नसेल, तर समोरच्याने फोनवर आणखी दहा पैसे कमी केले की त्याचा पाय घसरतो.

सत्तरीची_सून

वर्षाला साधारण बावीस हजार पाउच लागतात. बँकेची उचल आहे, तिच्यावर बारा टक्के व्याज पडते.

जुना_हिशेबनीस

मग हिशेब असा होतो. पाउचमागे नव्वद पैसे वाचतात, म्हणजे चाळीस हजारांवर छत्तीस हजार रुपये. पुरवठादाराला तुमच्यासमोर मांडायचा आहे तो हाच आकडा.

आता दुसरी बाजू पाहू. आज तुम्ही दहा हजारांची खेप घेता आणि ती संपत आली की दुसरी मागवता, त्यामुळे सरासरीने पाच हजार पाउच, म्हणजे छत्तीस हजार रुपयांचा माल घरात पडून असतो. चाळीस हजार एकदम घेतले तर ते बावीस महिने पुरतील आणि त्या काळात सरासरीने वीस हजार पाउच, म्हणजे एक लाख सव्वीस हजारांचा माल पडून राहील. जास्तीचे नव्वद हजार रुपये बावीस महिने अडकले, तर बारा टक्क्यांनी त्यांचे व्याज एकोणीस हजार आठशे होते. छत्तीस हजारांतून ते वजा केल्यावर खरी बचत सोळा हजारांच्या आसपास उरते. तीस दिवसांची उधारी जाऊन आगाऊ रक्कम द्यावी लागते, तो फरक मी अजून धरलेलाही नाही.

आणि पत्ता बदलायचा आहे. शेडमधले काम वर्षभरात सुरू झाले असे धरू. तोवर बावीस हजार पाउच वापरले जातील आणि अठरा हजार उरतील. ६ रुपये ३० पैशांनी त्यांची किंमत एक लाख तेरा हजार चारशे रुपये होते. सोळा हजारांच्या बचतीसाठी एक लाख तेरा हजारांची जोखीम घ्यायची, तर पत्ता बदलण्याची शक्यता सातांत एकापेक्षाही कमी असायला हवी. तुमच्याकडे ती जवळजवळ निश्चित आहे, आणि पावसाळ्यानंतर लगेच हललात तर उरणारे पाउच अठरा हजारांपेक्षा बरेच जास्त असतील.

त्यामुळे निर्णय योग्य आहे. हा हिशेब पुरवठादाराला पाठवू नका, तो स्वतःजवळ ठेवा. समोरच्याला आकडे दाखवले की तो त्या आकड्यांशी वाद घालू लागतो.

मांडवीकाठ

यावर मधला मार्ग आहे. ऑर्डर चाळीस हजारांचीच द्यावी, पण माल दहा-दहा हजारांच्या चार हप्त्यांत उचलावा आणि पैसेही त्या-त्या वेळी द्यावेत. त्याला मोठी ऑर्डर मिळेल आणि तुमचा पैसा अडकणार नाही. मग नकार देण्याची गरजच उरत नाही. पत्ता बदलला तर जुन्या पत्त्यावर चिकटी लावता येईल.

वेर्ण्याचा_वाटसरू

मी चौदा वर्षे पाउच आणि छापील फिल्म विकण्याच्या बाजूला काम केले आहे, म्हणजे या धाग्यातल्या पलीकडच्या खुर्चीवर मी बसलेलो आहे. मांडवीकाठ यांची सूचना अर्धी उपयोगी आहे. हप्त्याने उचल घेतल्यास पैशाचा आणि जागेचा प्रश्न सुटतो, छपाईचा सुटत नाही. अशा पाउचची छपाई सिलिंडरवर, म्हणजे प्रत्येक रंगासाठी वेगळ्या कोरीव रुळावर होते, आणि पुरवठादार चाळीस हजारांचा दर देतो तो संपूर्ण फिल्म एका दमात छापून घेण्याच्या हिशेबाने देतो. सिलिंडर यंत्रावर चढवणे, रंग जुळवणे, सगळे रंग एकमेकांवर नेमके बसेपर्यंत काही शे मीटर फिल्म वाया घालवणे, हा खर्च दहा हजारांना जेवढा येतो जवळजवळ तेवढाच चाळीस हजारांनाही येतो. म्हणून माल तुम्ही चार वेळा उचलला तरी जुना पत्ता पहिल्याच दिवशी चाळीस हजारांवर छापला गेलेला असतो, आणि उरलेला माल उचलण्याचे बंधन तुमच्यावर राहते.

चिकटीचेही तसेच आहे. छापील किमतीपेक्षा कमी किंमत दाखवणारी चिकटी मूळ किंमत न झाकता लावता येते, पण पाकिटावरची सक्तीची माहिती चिकटी लावून हवी तशी बदलण्याची मोकळीक वजन-मापाच्या नियमांत नाही. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याने उत्पादन कोणत्या पत्त्यावर होते असे विचारले, तर अठरा हजार चिकट्या दाखवून सुटका होईल असे मानू नये.

आता मूळ प्रश्न. “विचार करत आहोत, नंतर नक्की कळवू” हे वाक्य कळंगुटकरांना सौम्य वाटले, मला ते धोक्याचे वाटते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात हे वाक्य विक्रेत्याकडे आले, तर तो त्याचे दोन अर्थ लावू शकतो. पहिला असा की गिऱ्हाईक घासाघीस करते आहे. तो लगेच ६ रुपये १५ पैसे म्हणून परत फोन करील आणि तुम्हाला दुसऱ्यांदा, अधिक अवघडलेल्या अवस्थेत नाही म्हणावे लागेल. दुसरा अर्थ अधिक वाईट. “नक्की” या शब्दावर विसंबून तो तुमची ऑर्डर जवळपास धरून चालेल. फिल्मचे दर सतत हलत असतात, त्यामुळे दर बरा आहे असे दिसले की छोटा पुरवठादार अशा अपेक्षेवर फिल्म उचलून ठेवतो. मग ३० तारखेला तुमचा नकार गेला की त्याच्या गोदामात तुमच्या मापाची फिल्म पडलेली असते. त्या दिवशी तुम्ही कितीही गोड शब्द वापरले, तरी संबंध बिघडायचे ते बिघडतात.

आमच्याकडे अशा गिऱ्हाइकांची आठवण राहत असे. वेळेत आणि स्वच्छ नाही म्हणणाऱ्याला पुढच्या खेपेस आम्ही आधी फोन करत होतो, कारण त्याच्या होकारावर विसंबता येत असे. टोलवत राहणाऱ्याला यादीत शेवटी ठेवत होतो.

म्हणून आज-उद्याच फोन करा आणि फोननंतर त्याच दिवशी लेखी पाठवा. नुसता लेखी नकार कोरडा वाटतो. नुसत्या तोंडी नकारातले काय बोलले गेले, हे पुढे ऑक्टोबरात कोणालाच आठवत नाही.

कळंगुटकर

माझे मत मागे घेतो. “नक्की” या शब्दाकडे माझे लक्षच गेले नव्हते.

डिचोलीचा_वकीलमित्र

एक मुद्दा सुटतो आहे. लघुउद्योगांना पंचेचाळीस दिवसांत पैसे देण्याचा कायदा आहे. त्यानुसार व्यवहार उधारीवरच व्हायला हवा, त्यामुळे पुरवठादार निम्मी रक्कम आगाऊ मागूच शकत नाही. नकार देताना या कायद्याचा आधार घ्यावा, म्हणजे त्याला वाईटही वाटणार नाही.

जुना_हिशेबनीस

कायदा आहे हे खरे, पण तो पुरवठादाराच्या संरक्षणासाठी आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत आणि करार नसल्यास पंधरा दिवसांत पैसे द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. उशिरा पैसे देणाऱ्याला तो अडवतो, आगाऊ मागणाऱ्याला अडवत नाही. ताईंनी हा आधार घेतला आणि समोरच्याला कायदा ठाऊक असला, तर तो उलट विचारील की आपली तीस दिवसांची उधारी कोणत्या लेखी करारावर चालू आहे. नकारासाठी खोटे किंवा उसने कारण वापरू नये असे मला वाटते, ते याचसाठी. खरे कारण हाताशी आहे आणि ते पुरेसे आहे.

सत्तरीची_सून

खरे कारण सांगण्याबद्दल घरात दोन मते आहेत. काजूबियांच्या खरेदीत पैसा गुंततो हे सांगायला हरकत नाही, कारण गोव्यातल्या कोणत्याही पुरवठादाराला ते ठाऊकच असते. पत्ता बदलण्याचे सांगावे का? यजमान म्हणतात की शेड होईपर्यंत कोणाकडे बोलू नये.

वेर्ण्याचा_वाटसरू

शेड कोठे आणि केव्हा हे सांगण्याची गरज नाही. पावसाळ्यानंतर पाउचवरचा मजकूर बदलण्याची शक्यता आहे, एवढे मात्र अवश्य सांगावे, कारण तुमच्या नकारातला हा भाग विक्रेत्याला आवडण्यासारखा आहे. मजकूर बदलणार म्हणजे पुढे नवी छपाई होणार, आणि त्या वेळी मोठ्या खेपेचा विचार होऊ शकतो. दार उघडे ठेवण्यासाठी “भविष्यात अवश्य एकत्र काम करू” असे लिहिण्याची मग गरज पडत नाही. अशी वाक्ये आम्हाला दिवसाला पाच येत असत, आणि त्यांतली चार आम्ही वाचतही नव्हतो. “ऑक्टोबरात मजकूर बदलेल तेव्हा मोठ्या खेपेचा दर विचारीन” असे कोणी लिहिले, तर ते मात्र वहीत उतरवून ठेवत होतो.

यात एकच काळजी घ्यावी. दर विचारण्याचे आश्वासन द्यावे, ऑर्डरचे देऊ नये.

जाता जाता एक. पत्ता आणि परवान्याचा मजकूर फक्त काळ्या रंगात असेल, तर बदलताना सहा रंगांची सहा सिलिंडर करावी लागत नाहीत, काळ्याचे एकच पुरते. तुमच्या पाउचवर तसे आहे का ते पाहून ठेवा.

आणखी एक प्रश्न फोनवर विचारा, पण नकार सांगून झाल्यानंतर. हीच चाळीस हजारांची खेप ऑक्टोबरात घेतली तर दर साधारण काय राहील, एवढेच विचारायचे. सवलत दोन ठिकाणांहून येते. एक भाग लांब छपाईमुळे खरोखर वाचलेल्या खर्चाचा असतो, आणि तो केव्हाही मिळू शकतो. दुसरा भाग मार्चअखेरीची विक्री वाढवण्यासाठी किंवा रोख रकमेच्या निकडीपोटी दिलेला असतो, आणि तो १ एप्रिलला नाहीसा होतो. उत्तरावरून कोणता भाग किती आहे हे कळते, आणि आपण नेमके काय गमावले तेही समजते.

जुना_हिशेबनीस

ताईंसाठी मसुदा देतो. त्यांनी आपल्या शब्दांत बदलून घ्यावा.

“सप्रेम नमस्कार. चाळीस हजार पाउचसाठी आपण ६ रुपये ३० पैशांचा दर देऊ केलात आणि मुदतीपूर्वी पुरेसे दिवस हातात ठेवून कळवलेत, त्याबद्दल मनापासून आभार. ही खेप या वेळी आम्ही घेऊ शकत नाही. मार्च ते मे या काळात आमची सर्व रक्कम काजूबियांच्या खरेदीत गुंतलेली असते, आणि पावसाळ्यानंतर पाउचवरील मजकुरात बदल होण्याची शक्यता असल्याने इतका साठा आज करून ठेवणे आम्हाला परवडणारे नाही. कृपया आमच्यासाठी फिल्म राखून ठेवू नये. आमची नेहमीची दहा हजारांची खेप जूनच्या आरंभी लागेल. ती सध्याच्या दराने आणि सध्याच्या मुदतीने मिळेल असे गृहीत धरतो, त्यात काही बदल असल्यास कळवावे. मजकूर निश्चित झाला की, बहुधा ऑक्टोबरात, मोठ्या खेपेच्या दराविषयी मीच आपणांस फोन करीन.”

यातली दोन वाक्ये गाळू नयेत. “फिल्म राखून ठेवू नये” या वाक्याने नकार नि:संदिग्ध होतो आणि समोरच्याचे नुकसान टळते. नाही म्हणताना आपण त्याचीही काळजी केली, हे त्याला त्यातून दिसते. दुसरे वाक्य जूनच्या खेपेचे. सवलत नाकारल्यावर पुरवठादाराने जुना दर गुपचूप वाढवला, असे मी पाहिले आहे. त्यात नेहमी राग असतो असे नाही. बोलणी एकदा दरावर आली की सगळेच दर पुन्हा मोकळे होतात. म्हणून जुनी व्यवस्था कायम आहे, हे त्याच पत्रात नोंदवून ठेवावे.

पणजीची_पाखरे

मसुदा सभ्य आहे, पण मला तो पराभूत वाटतो. पुरवठादार ६.३० ला यायला तयार आहे याचा अर्थ ७.२० मध्ये त्याला भरपूर वाव आहे. मी असते तर लिहिले असते की चाळीस हजार जमणार नाहीत, पण वीस हजार ६.६० ने द्या. दुसऱ्या एका पुरवठादाराचा दरही दाखवला असता. सौजन्य ठीक आहे, पण आपण धंदा करतो आहोत.

वेर्ण्याचा_वाटसरू

वाव आहे असे लगेच म्हणता येणार नाही. दहा हजारांच्या खेपेत वाया जाणारी फिल्म पाउचमागे चौपट पडते, त्यामुळे ७.२० मध्ये त्याला फार काही सुटत असेल असे मला वाटत नाही. दुसऱ्याचा दर दाखवण्याला माझा विरोध आहे, कारण त्या क्षणी तुमचा नकार नकार राहत नाही, तो लिलाव होतो. मजकूर बदलणार असताना वीस हजारही ताईंना नकोच आहेत. नको असलेल्या मालावर घासाघीस करावी, समोरच्याने हो म्हणावे आणि मग आपण माघार घ्यावी, यासारखा पत घालवणारा दुसरा प्रकार नाही.

पणजीची_पाखरे

शेवटचे वाक्य मान्य. पहिले मान्य नाही. कोणत्याही विक्रेत्याला विचारा, तो फार सुटत नाही असेच सांगेल, आणि आपणही विक्रेतेच होता. ऑक्टोबरात बोलणी होतील तेव्हा तरी ताईंनी दुसरीकडचा दर काढून ठेवावा.

वेर्ण्याचा_वाटसरू

काढून ठेवावा, यात वाद नाही. दाखवावा की नाही, एवढाच आपला मतभेद आहे.

कळंगुटकर

एक शंका आहे. फोन आणि लेखी या दोन्ही गोष्टी ताईंनी केल्या, आणि तो फोनवर म्हणाला की बरे, आगाऊ रक्कम नको, माल आल्यावरच पैसे द्या, तर? माझ्यासारखा माणूस तिथेच हो म्हणून मोकळा होईल.

जुना_हिशेबनीस

म्हणूनच दोन कारणे असली तरी त्यांतले कोणते पक्के आहे, हे आधी ठरवून घ्यावे. पैशाचे कारण अटी बदलून दूर करता येते, मजकुराचे कारण कोणत्याही अटीने दूर होत नाही. त्याने आगाऊ रकमेची अट काढली तर ताईंनी आभार मानून एवढेच म्हणावे की आपण अट सोडलीत हे मोठेपण आहे, पण जुन्या मजकुराचा माल दीड-दोन वर्षांचा करून ठेवणे आम्हाला कोणत्याही अटीवर शक्य नाही. त्यापुढे तिसरे कारण शोधत बसू नये. कारणे वाढत गेली की ती सगळीच सबबी वाटू लागतात.

पावसाळी_गोदाम

साठवणीबद्दल कोणीच बोललेले नाही, म्हणून लिहितो. माझा कोकमाचा व्यवसाय आहे. एका वर्षी स्वस्त मिळाले म्हणून मी पंधरा हजार पाउच घेतले आणि घराच्या माळ्यावर रचून ठेवले. ऑगस्टपर्यंत खालच्या खोक्यांचा पुठ्ठा ओला होऊन बसला होता, आतल्या पाउचना कुबट वास येत होता आणि बरेच पाउच एकमेकांना चिकटले होते. काजूला वास फार लवकर लागतो. ताईंनी हे कारणही पत्रात घालावे का?

सत्तरीची_सून

घालणार नाही. आत्ताच हिशेबनीस काकांनी तिसरे कारण शोधू नये असे सांगितले आहे. पण जूनच्या खेपेसाठी माळ्याऐवजी कपाट रिकामे करते आहे.

सत्तरीची_सून

चार दिवसांनी लिहिते आहे. फोन केला. बोलणे कोकणीतच झाले. आधी नाही सांगितले, मग कारणे सांगितली. कळंगुटकरांनी वर्तवले होते तसेच झाले, त्याने आगाऊ रक्कम निम्म्यावरून पाव केली. मजकुराचे कारण पुन्हा सांगितल्यावर मात्र त्याने आग्रह सोडला आणि आपणहून विचारले की पत्ता कोणत्या रंगात आहे. काळ्याच रंगात आहे. एक सिलिंडर बदलावे लागेल आणि त्याचे साडेचार हजार होतील, असे तो म्हणाला.

ऑक्टोबरातल्या दराचा प्रश्न शेवटी विचारला. फिल्मचा दर फार हलला नाही तर चाळीस हजारांना साडेसहाच्या आसपास देईन, असे उत्तर आले. म्हणजे नव्वद पैशांतले सत्तर पैसे लांब छपाईचे होते आणि वीस पैसे मार्चचे. आठ हजार रुपयांसाठी मी गेला आठवडाभर नीट झोपले नव्हते, हे आता कळले.

काकांचा मसुदा थोडा बदलून त्याच संध्याकाळी पाठवला. “मोठ्या खेपेच्या दराविषयी” याऐवजी “नव्या मजकुराच्या खेपेविषयी” असे लिहिले, कारण ऑक्टोबरात तरी चाळीस हजार घेऊ की नाही हे मला आज ठाऊक नाही. उत्तरात त्याने जूनची खेप जुन्या मुदतीने मान्य केली आहे. दराबाबत मात्र “मे महिन्यात पाहू” एवढेच लिहिले आहे. याचा काय अर्थ घ्यावा?

वेर्ण्याचा_वाटसरू

फिल्मचा दर त्याच्या हातात नाही, एवढाच अर्थ आज तरी घ्यावा. मेच्या पहिल्या आठवड्यात तुम्हीच विचारा, त्याच्या फोनची वाट पाहू नका. आणि एक राहिले : जुनी सहा सिलिंडर त्याच्याकडे आहेत ना? त्यांची पावती कोणाच्या नावाने आहे?

सत्तरीची_सून

पावती आमच्या नावाने आहे, सत्तावीस हजारांची. सिलिंडर मात्र आम्ही आजवर डोळ्यांनी पाहिलेलीही नाहीत.

वेर्ण्याचा_वाटसरू

मग मेमध्ये दर विचारायला फोन करण्याऐवजी प्रत्यक्षच जा, आणि ती पाहून या. पावतीची प्रत सोबत ठेवा, पण पिशवीत.